एक्स्टेंडरचं बटण आणि वेगळं नाव: पावसाळाभर वापरल्यानंतर

परतीच्या पावसात विजेचा लोळ जवळपास कुठेतरी पडला आणि आमचा फायबरचा राउटर गेला. त्यानंतर राउटरचं वाय-फाय पुढे पोचवणाऱ्या एक्स्टेंडरचा एक दोष लक्षात आला, जो विकत घेताना ना दुकानदाराने सांगितला, ना खोक्यावर लिहिला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घर रत्नागिरीजवळ, जांभ्या चिऱ्याचं. भिंती जाड. फायबरची वायर पुढच्या खोलीत येते, म्हणून राउटर तिथे. मागच्या पडवीत आईचा टीव्ही आणि विहिरीकडे बघणारा कॅमेरा. पडवीत वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा बँड पोचतच नाही आणि 2.4 चा पोचतो तो नावापुरता. एका पडवीसाठी, अनेक डब्यांनी घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या मेश सेटचा खर्च मला पटत नव्हता, तेव्हा दोन हजारांच्या आतला, थेट सॉकेटमध्ये बसणारा दोन बँडचा एक्स्टेंडर घेतला.

जोडणी बटणाने केली आणि ती खरंच सोपी आहे. एक्स्टेंडर आधी राउटरच्याच खोलीत लावायचा, पडवीत नाही. राउटरचं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करणारं, बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं. दिवा लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. आमच्या राउटरला वाय-फाय आणि डब्ल्यूपीएस मिळून एकच बटण आहे. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर वाय-फायच बंद होतं, काही सेकंद धरून ठेवलं तर जोडणी सुरू होते. बटण दाबून काहीच घडत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघाव्यात: डब्ल्यूपीएस बंद आहे का, नेटवर्कचं नाव लपवलेलं आहे का आणि सुरक्षा फक्त `WPA3` वर ठेवली आहे का. यातली एक जरी असली तरी बटण चालत नाही. आमच्याकडे `WPA2-PSK` होतं, त्यामुळे अडलं नाही. मात्र पहिल्यांदा एक्स्टेंडरवर 2.4 चाच दिवा लागला. 5 साठी पुन्हा बटण दाबावं लागलं.

बटणाने जोडलं की एक्स्टेंडर राउटरचा पासवर्ड उचलतो आणि नावाला शेपूट लावतो. आमचं नेटवर्क `Ghar`, तर याचं झालं `Ghar_EXT`. दादाचं म्हणणं होतं की दोन्हीकडे एकच नाव ठेव, फोन आपोआप एकावरून दुसऱ्यावर जाईल. मलाही तेच बरोबर वाटलं आणि काही आठवडे तसंच ठेवलं. पण फोन जात नव्हता. पुढच्या खोलीतून पडवीत आलं तरी तो राउटरचा मरतुकडा सिग्नल धरून बसायचा, कारण तो सिग्नल कधी सोडायचा हे फोन स्वतः ठरवतो आणि साधा एक्स्टेंडर त्याला ढकलत नाही. आई म्हणायची, "नेट आहे असं दाखवतंय, पण लागत नाही." नाव एकच असल्यामुळे ती राउटरवर आहे की एक्स्टेंडरवर, हे मला फोनवरून सांगताच येत नव्हतं.

मग वेगळं नाव दिलं: `Ghar_Padvi`. त्यासाठी फोन आधी एक्स्टेंडरच्याच नेटवर्कला जोडायचा आणि माहितीपुस्तिकेतला पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. पान उघडलं नाही तर मोबाइल डेटा बंद करावा. फोन डेटावरून तो पत्ता बाहेर शोधत राहतो, पान घरातलं असतं. आत एक्स्टेंडरच्या नेटवर्कचं नाव बदलायचा रकाना आहे. राउटरच्या नावाला हात लावायचा नाही. नाव वेगळं झालं तरी घरचं नेटवर्क एकच राहतं. पुढच्या खोलीतल्या फोनवरून पडवीतल्या टीव्हीवर व्हिडिओ टाकता येतो, छपाईही होते.

वेगळ्या नावाचा खरा फायदा मात्र जागा ठरवताना झाला. फोनवरच्या रेघा फक्त फोन आणि एक्स्टेंडरमधला सिग्नल दाखवतात, एक्स्टेंडर आणि राउटरमधला नाही. पडवीत एक्स्टेंडर लावला तेव्हा `Ghar_Padvi` च्या रेघा भरलेल्या होत्या आणि वेग आठ-नऊ एमबीपीएस. आमचा प्लॅन 100 चा. मग तिथेच उभं राहून आधी `Ghar` वर आणि मग `Ghar_Padvi` वर वेग मोजला. दोन्ही जवळपास सारखे आले. म्हणजे एक्स्टेंडरला जेवढं मिळत होतं तेवढंच तो पुढे देत होता. तो माजघराच्या दाराशी, राउटरपासून एकच भिंत सोडून आणला आणि पडवीत तीसच्या पुढे वेग मिळाला. पूर्ण 100 मिळणार नाही, कारण एकाच बँडवर घ्यायचं आणि त्याच बँडवर द्यायचं म्हटलं की वेग साधारण अर्ध्यावर येतो. पण टीव्हीला आणि कॅमेऱ्याला एवढं पुरून उरतं. हीच तुलना एका नावाने करता आली नसती.

टीव्ही आणि कॅमेऱ्यात `Ghar_Padvi` घातलं आणि `Ghar` विसरायला लावलं. आईच्या फोनवर दोन्ही ठेवलीत. ती पडवीत बसली की स्वतः नाव निवडते.

आता तो दोष. राउटर गेल्यावर फायबरवाल्यांनी नवा बसवला. नवा राउटर म्हणजे नवं नाव, नवा पासवर्ड. एक्स्टेंडरला तो कळणार नाही, म्हणून पुन्हा बटणाने जोडला. जोडणी झाली, पण `Ghar_Padvi` पुसलं गेलं. त्याजागी नव्या राउटरचं लांबलचक नाव आणि पुढे `_EXT`, पासवर्डही नवा. टीव्ही बंद, कॅमेरा बंद. कॅमेरा छपराच्या वाशाला लावलेला आहे, त्याचं रिसेट बटण दाबायला शिडी लागते आणि बाहेर पाऊस. एक्स्टेंडरच्या ग्राहकसेवेला फोन केला. तिथल्या मुलाने शांतपणे सांगितलं की बटण दाबलं की सेटिंग राउटरकडून नव्याने घेतलं जातं, हे असंच बनवलंय. मग मी स्वतः दिलेलं नाव पुसण्याआधी एकदा विचारायला काय हरकत होती? बटण आहे, स्क्रीन नाही, हे मला समजतं. पण एकदा हाताने दिलेलं नाव जपणं हे दोन हजारांच्या वस्तूलाही जमायला हवं. यासाठी मी एक तारा कापतोय आणि तो परत देणार नाही.

उपाय मात्र सापडला आणि तो फुकटचा आहे. बटण दाबायचंच नाही. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला जुनंच नाव `Ghar` आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, अक्षर लहान-मोठं सांभाळून, आणि सुरक्षाही पूर्वीचीच `WPA2-PSK`. दोन्ही बँडवर. मी बटण आधीच दाबून बसलो होतो, म्हणून एक्स्टेंडरच्या पानावर जाऊन राउटरचं `Ghar`, एक्स्टेंडरचं `Ghar_Padvi` आणि जुना पासवर्ड पुन्हा भरले आणि टीव्ही व कॅमेरा शिडी न लावता आपोआप परत आले. गेल्या आठवड्यात फायबरवाल्यांनी राउटर पुन्हा बदलला, तेव्हा त्या तंत्रज्ञाला निघण्याआधीच थांबवून नवीन राउटरला `Ghar` आणि जुना पासवर्ड द्यायला लावला. एक्स्टेंडर स्वतःहून जोडला गेला, `Ghar_Padvi` जागच्या जागी.

नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी राउटरचं नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार आणि एक्स्टेंडरचं नाव या चार गोष्टी कागदावर लिहून राउटरच्या मागे चिकटवाव्यात. राउटर बदलायला येणाऱ्या माणसाच्या हातात तो कागद द्यायचा आणि एक्स्टेंडरच्या बटणाला कुणालाही हात लावू द्यायचा नाही.