तासाला पैसे, दहा तासांचं पॅकेज की महिन्याची फी?

ऑनलाइन शिकवणीचे पैसे घेण्याच्या या तिन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत. मुलुंडला घरूनच आठवी ते दहावीचं गणित शिकवतो, एका वेळी एकच मूल. गूगल मीट की झूम, पेन टॅब्लेट कुठला घ्यावा, यावर बरंच लिहून झालं आहे, म्हणून ते इथे सोडतो. महिन्याअखेरीस हातात किती पैसे राहतात हे मात्र या तीन पद्धतींपैकी कुठली निवडली त्यावर ठरतं, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात सगळे तासाला पैसे घेऊनच करतात, मीही तशीच केली. पालकांना ते पटकन पटतं आणि आपल्यालाही मागताना संकोच वाटत नाही. माझी फी तासाला 500 रुपये होती. सहा मुलं, प्रत्येकाचे आठवड्याला दोन तास, म्हणजे महिन्याला 48 तास आणि 24,000 रुपये असा माझा हिशेब. जुलैअखेर वही उघडली तर झालेले तास 37 आणि जमा 18,500. चाचणी परीक्षा, पाऊस, ताप, पाहुणे अशी कारणं होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

पैशांपेक्षाही मला जास्त त्रास दिला तो एका मेसेजने. सातचा तास असला की सहा पन्नासला व्हॉट्सॲप वाजायचं, ‘सर, आज नको, उद्या चालेल का?’ तोवर मी उदाहरणं काढून, जेवणाची वेळ मागे ढकलून बसलेलो असायचो. पण खरा त्रास त्या ‘उद्या’चा होता. उद्या सातला दुसरं मूल असायचं. मग साडेआठ चालेल का, नाही, त्या वेळी बाबा घरी येतात, मग रविवारी सकाळी, तर रविवारी ड्रॉइंगची परीक्षा. एक तास हलवायला दहा-बारा मेसेज व्हायचे, तेही दुसऱ्या मुलाला शिकवत असताना. एका महिन्यात असे अकरा तास हलले. शिकवण्यापेक्षा वेळा जुळवण्यातच मी दमायला लागलो, आणि माझा निर्णय प्रामुख्याने यावरूनच झाला.

आगाऊ पैसे आले की माणसं तास पाळतील असं वाटून दहा तासांचं पॅकेज काढलं, 4,500 रुपयांना. पैसे वेळेवर आले, तास मात्र पूर्वीसारखेच हलत राहिले. एका मुलाचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण पॅकेजची खरी अडचण त्यात दिसते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने सुरुवात केली. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सात. दहा तास पाच आठवड्यांत संपायला हवे होते. मधे गणपतीला कोकणात जाणं झालं, सहामाही झाली, दिवाळी झाली, आणि दहावा तास झाला नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. चौदा आठवडे त्याची मंगळवार-शुक्रवारची सातची वेळ मी राखून ठेवली, म्हणजे 28 तास. त्या 28 तासांचे मला 4,500 मिळाले, तासाला साधारण 160 रुपये. याच वेळेसाठी आलेल्या दोन पालकांना मी नाही म्हटलं होतं. आईचं म्हणणंही चूक नव्हतं, ‘तास कुठे पळून जातात सर, पैसे तर दिलेत ना?’ मुदत मी घातली नव्हती, ती माझी चूक.

पुढच्या जूनपासून महिन्याची फी सुरू केली. तिन्हीत मला हीच बरी वाटली. महिन्याला 4,000 रुपये, 5 तारखेच्या आत. पैसे मोजलेल्या तासांचे नाहीत, राखून ठेवलेल्या वेळेचे आहेत, हे पालकांना पहिल्याच फोनवर सांगतो. ‘मग पाच मंगळवार आले तर?’ हा प्रश्न हमखास येतो. जून ते एप्रिल आठवड्याला दोन धरले तर साधारण 95 तास होतात. गणपतीचे 2, दिवाळीचे 3 आणि माझ्या सुट्टीचे 2 वजा केले की 88 उरतात, म्हणजे अकरा महिने आठ-आठ. लांब महिन्यातला जास्तीचा तास सुट्टीच्या महिन्यात भरून निघतो. हा हिशेब एकदा कागदावर मांडून दाखवला की दर महिन्याची मोजणी थांबते. मेमध्ये फी घेत नाही, बरीच मुलं गावाला असतात.

तास रद्द करण्याचा नियम मी असा लिहून पाठवतो: ‘तास नको असेल तर त्या दिवशी सकाळी 9 पर्यंत कळवा. महिन्यातून एक तास बदलून मिळेल, शनिवारी 4 ते 6 मध्ये, त्याच महिन्यात. माझ्याकडून रद्द झाला तर तो तास पूर्ण भरून देईन.’ शनिवारच्या या दोन तासांनी मेसेजांची ये-जा जवळजवळ बंद केली, कारण वेळ ठरवायला काही उरलंच नाही.

नऊनंतर रद्द झालेला तास मी सरळ बुडवत नाही. मुलाकडून वहीच्या पानांचे फोटो मागवतो आणि त्याच्या ठरलेल्या वेळेत ती पानं तपासून, चुकलेल्या पायरीवर बोलून दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवतो. सातची वेळ त्याचीच राहते, म्हणून पालकांना पैसे गेल्यासारखे वाटत नाहीत. ज्या पालकांशी फीवरून वाद होईल अशी मला धास्ती होती, त्यांनी या एका गोष्टीमुळे नियम मान्य केला.

मुलं टिकण्याच्या दृष्टीनेही ही पद्धत मला सरस वाटते. तासाला पैसे असले की पालक प्रत्येक तासाला नव्याने ठरवत असतात. लागोपाठ तीन तास रद्द झाले की मूल सोडणार, हे मला पुढे पुढे आधीच कळायचं. महिन्याच्या फीत हा विचार महिन्यातून एकदाच होतो, म्हणून मी 28 तारखेला पालकांना चार ओळी आणि वहीचे फोटो पाठवतो. नववीतली एक मुलगी समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायला विसरायची. जूनमध्ये 20 पैकी 7 उदाहरणांत तीच चूक, सप्टेंबरमध्ये 2. चाचणीतले गुण फारसे वाढले नव्हते आणि आई थांबवायच्या विचारात होती. दोन्ही पानं शेजारी ठेवून पाठवली तेव्हा तिने विचार बदलला. ती मुलगी दहावीपर्यंत राहिली.

अर्थात सगळ्यांना हे लागू पडेल असं नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवत असाल तर ठरलेली वेळ जमणारच नाही. तिथे पॅकेजच ठीक, पण दहा तास आठ आठवड्यांत संपवायची अट पैसे घेण्याआधी लिहून द्या. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर चार तासांसाठी येणाऱ्यांना तासाचा दर सांगावा, आणि तो थोडा जास्त असावा. नव्या मुलाचे पहिले चार तास मी अजूनही तासाच्या दरानेच घेतो. आपलं जमतंय का हे दोघांनाही त्यात कळतं, आणि पाचव्या तासाआधी फीचं बोलणं करताना पालक नियम नीट ऐकून घेतात.

जुन्या मुलांना मी मेमध्येच फोन केले होते. सहापैकी एकाने सोडलं. त्याची मंगळवार-शुक्रवारची वेळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरली.