‘कुटुंबासारखी कंपनी’: उत्तर क्लॅन की सत्ता संस्कृती?

एमबीएच्या पेपरात संघटनात्मक संस्कृतीची व्याख्या क्वचितच विचारतात. एखाद्या कंपनीत रोज काय चालतं, हे चार-पाच वाक्यांत सांगतात आणि खाली चार पर्याय देतात. ज्युनिअर्सच्या उत्तरपत्रिका बघताना मला एक चूक पुन्हा पुन्हा दिसते: ‘कुटुंब’ हा शब्द आला की मुलं डोळे झाकून ‘क्लॅन’वर खूण करतात. मराठवाड्यातल्या मुलांचं हे जास्तच होतं. आपल्याकडची जिनिंग, डाळ मिल, बियाण्यांची कंपनी बहुतेक वेळा एखाद्या घराण्याची असते. शेठ कामगाराच्या पोरीच्या लग्नाला उभे राहतात, दवाखान्याचं बिलही भरतात. पण तेवढ्यावरून ती कंपनी क्लॅन ठरत नाही.

आधी पर्याय बघा, म्हणजे प्रश्न कुणाच्या मांडणीवर बेतलाय ते कळेल. क्लॅन, अ‍ॅडहॉक्रसी, मार्केट, हायरार्की असे चार दिसले तर ती कॅमेरॉन आणि क्विन यांची मांडणी. तिथे दोनच गोष्टी तपासायच्या असतात: कंपनीची नजर आत आहे की बाहेर, आणि तिला मोकळीक हवी की शिस्त. क्लॅन म्हणजे नजर आत आणि मोकळीक. पर्यायांत सत्ता, भूमिका, कार्य, व्यक्ती असतील तर ती चार्ल्स हँडीची मांडणी. त्याने सत्ता संस्कृतीला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली: मधोमध एक माणूस, आणि सगळे धागे त्याच्यापाशी. काही पुस्तकं दोन्ही मांडण्या एकाच प्रश्नात मिसळतात. खरी अडचण तिथेच येते, कारण क्लॅन आणि सत्ता या दोन्ही संस्कृतींत कागद कमी असतो आणि काम ओळखीवर, विश्वासावर चालतं.

फरक समजायला एक प्रसंग घेऊ. जालन्यातली एक काल्पनिक बियाणे कंपनी, मे महिना, खरीप तोंडावर. संकरित कापसाच्या एका लॉटची उगवण 68 टक्के आली. किमान 75 लागते, म्हणजे तो लॉट विकता येणार नाही. इथवर सगळ्या कंपन्या सारख्याच. संस्कृती दिसते ती पुढच्या तासाभरात.

समजा, लॅबमधल्या मुलाने शेठना फोन लावला. शेठ लग्नात आहेत, फोन उचलत नाहीत. तोवर लॉटला कुणी हात लावत नाही, मॅनेजरही म्हणतो, “मालकाला इचारल्याबिगर काय खरं नाही.” फोन लागला की दोन मिनिटांत निकाल: हा लॉट बाजूला काढा, बीडचा माल दुसऱ्या लॉटमधून भरा. निर्णय झटपट होतो, कागद एकही लागत नाही. ही सत्ता संस्कृती. शेठ कितीही मायाळू असले तरी उत्तर बदलत नाही.

आता दुसरी कंपनी. प्लँटचे प्रमुख लॅबवाले, वाळवणीवरचे काका आणि पॅकिंगच्या बायका यांना एकत्र बसवतात. काका सांगतात, त्या आठवड्यात पाऊस झाला होता, माल नीट वाळलाच नव्हता. पुढं काय करायचं ते तिथंच सगळ्यांच्या बोलण्यातून ठरतं आणि नव्या मुलाला ओलावा कसा बघायचा हे काकाच शिकवतात. ही क्लॅन. ओळख पटते ती सहभागातून आणि शिकवण्यातून. प्रश्नात ‘मार्गदर्शक’, ‘सल्ला घेतात’, ‘एकमत’ असे शब्द असतील तर ते याच बाजूचे.

बाकीच्यांना फार वेळ लागत नाही. लॉटवर ‘होल्ड’चं लेबल लागलं, ठरलेल्या फॉर्मवर ठरलेल्या साहेबाची सही झाली, तर हायरार्की, हँडीची भूमिका संस्कृती हिच्या अगदी जवळची. पहिला प्रश्न ‘डीलरला किती पाकिटं कमी पडतील, तोवर दुसरी कंपनी दुकान भरेल का’ असा असेल तर मार्केट. बीजप्रक्रियेची नवी पद्धत करून बघायची मुभा असेल तर अ‍ॅडहॉक्रसी.

एक पेच उरतो. वर्णन एकछत्री मालकाचं आणि पर्याय मात्र कॅमेरॉन-क्विनचे. त्यांच्याकडे अशा मालकाला वेगळा कप्पा नाही, म्हणून उरलेली वाक्यं बघावी लागतात. त्यांच्या प्रश्नावलीत खऱ्या कंपनीसाठी सहा बाबींपैकी प्रत्येक बाबीवर 100 गुण चारही प्रकारांत वाटायचे असतात, म्हणजे मिश्रण त्यांनीही गृहीत धरलंय. परीक्षेत मात्र एकच खूण करता येते. त्या वेळी ‘कुटुंब’ या शब्दावर बोट ठेवून उरलेलं वाचा. “सगळे … सारखे राहतात, मासिक टार्गेट गाठणाऱ्यालाच बढती मिळते, प्रतिस्पर्ध्याच्या विक्रीचा आकडा रोज फळ्यावर लिहितात.” बोटाखाली काहीही असो, इथे उत्तर मार्केटच येतं.