सरकलेली रेघ: पुन्हा मोजायची की टॅबलाच द्यायची?

यवतमाळकडच्या आमच्या गावासाठी केलेल्या बाजारभावाच्या पानावर कापूस, सोयाबीन, तूर असे टॅब आहेत. नेटवर्क मंद असलं की देवनागरी फॉन्ट उशिरा येतो, ‘सोयाबीन’ रुंदावतो आणि ‘तूर’ उजवीकडे सरकतो. निवडलेल्या टॅबखालची रेघ मात्र एकदाच मोजलेल्या `offsetLeft` वरच राहते.

एक उपाय म्हणजे `ResizeObserver` लावून पुन्हा मोजणं. नुसत्या टॅबच्या पट्टीवर लावून भागत नाही, कारण तिची रुंदी तीच राहते. ‘तूर’ही आकार न बदलता सरकू शकतो, म्हणून सगळेच टॅब पाहावे लागतात.

दुसरा उपाय म्हणजे निवडलेल्या टॅबलाच `border-bottom` देणं. बाकीच्यांना तेवढीच पारदर्शक बॉर्डर द्यावी, नाहीतर मजकूर उडतो. टॅब बदलताना रेघ सरकत जाण्याचं ॲनिमेशन जातं, पण मोजायचं काहीच उरत नाही. मी हाच घेतला.