सात महिने आणि एक पावसाळा: हॉट-शू फ्लॅशचा अनुभव

गाइड नंबर ६०, चार डबल-ए सेल, उजेड कॅमेऱ्यालाच मोजून ठरवू देणारं टीटीएल आणि वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारं हाय-स्पीड सिंक असलेला हा फ्लॅश पणजी-मडगाव भागात सात महिने वापरात आहे. उजेड भरपूर आहे. तक्रार एकच: मध्येच फोटो पांढराफटक येतो आणि ऊन्हात शटर वाढवलं की फ्रेमच्या खालच्या भागावर फ्लॅश पडतच नाही. हे दोन बिघाड वाटतात, पण मूळ एकच आहे.

फ्लॅशच्या तळाशी मधोमध एक पिन असते आणि बाजूला काही बारीक पिना. मधली पिन फक्त फ्लॅश उडवते. किती जोराने उडायचं आणि हाय-स्पीड सिंक लावायचं का, हे बाजूच्या पिनांवरून ठरतं. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्यावर पातळ थर बसतो. मग फ्लॅश उडतो, पण कॅमेरा त्याला ओळखत नाही. हा फ्लॅश अशा वेळी पूर्ण ताकदीने उडतो, आणि कॅमेराही शटरला सिंक स्पीडवर, म्हणजे पूर्ण सेन्सर एकदम उघडा राहतो त्या सर्वात जास्त वेगावर, अडवत नाही.

मिरामारच्या किनाऱ्यावर कडक ऊन पाठीमागे घेऊन पोर्ट्रेट काढायचं, असं समजा. आयएसओ १०० आणि १/२०० ला एफ/११ लागतं. मागचा समुद्र धूसर हवा म्हणून एफ/२.८ घेतलं, तर शटर १/३२०० वर जातं. १/२०० पर्यंत क्षणभर पूर्ण सेन्सर उघडा असतो. त्यापुढे दोन पडद्यांमधली फटच सरकत जाते, आणि फ्लॅशचा एक झोत त्या फटीपुरताच पोचतो. ऊन्हात फ्लॅश न पोचलेला पट्टा काळा दिसत नाही, म्हणून फसायला होतं: चेहरा उजळ, छातीखाली कपडे मलूल. कॅमेरा उभा धरला तर हाच पट्टा बाजूला येतो.

हाय-स्पीड सिंकमध्ये फट सरकेपर्यंत फ्लॅश सलग लुकलुकतो. उजेड बराच घटतो, म्हणून १/३२०० ला माणसाच्या जवळ, दीड-दोन मीटरवर राहावं. लांबून काढायचं असेल तर लेन्समध्ये येणारा उजेड कापणारा चार स्टॉपचा एनडी फिल्टर लावून १/२०० वरच थांबणं जास्त बरं.

पिना बोलतायत की नाही हे तपासायला फ्लॅशचा झूम ऑटोवर ठेवून लेन्सचा झूम फिरवा आणि शटर अर्धं दाबा. फ्लॅशवरचा झूमचा आकडा बदलला नाही, तर संपर्क तुटलाय. फ्लॅश आणि कॅमेरा दोन्ही बंद करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पिना आणि कॅमेऱ्याचा शू पुसा, सुकू द्या, फ्लॅश शेवटपर्यंत सरकवून लॉक करा. सँडपेपर अजिबात नको, मुलामा निघतो.

संपर्क ठीक असूनही पट्टा आला तर सेटिंग बघा. निकॉनमध्ये फ्लॅश सिंक स्पीड `1/250 s (Auto FP)` हवं, कॅननमध्ये हाय-स्पीड सिंक वेगळं चालू करावं लागतं. फ्लॅश उडतच नसेल तर आधी सायलेंट शटर बंद करा. आणि चर्चमधल्या लग्नात नवरीच्या पांढऱ्या गाऊनने फ्रेम भरली की टीटीएल उजेड कमी करतं. तिथे फ्लॅश कॉम्पेन्सेशन +१ ठेवा.

पावसाळ्यात पिना दर पंधरा दिवसांनी पुसाव्या लागल्या, डबीत सिलिका जेल ठेवूनही.