जेवणानंतरची उष्णता मोजायची कशी: बंद खोलीत की हुडखाली?

जेवल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च काही तास वाढतो. यालाच स्पेसिफिक डायनॅमिक अ‍ॅक्शन (एसडीए) म्हणतात. प्रबंधासाठी हा खर्च मोजायचा असेल तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: अंगातून बाहेर पडणारी उष्णता थेट मोजायची, की श्वासातल्या वायूंवरून तिचा हिशेब मांडायचा?

थेट पद्धतीचं नामांकित उदाहरण म्हणजे अ‍ॅटवॉटर आणि रोझा यांची अमेरिकेतली, १८९० च्या दशकातली खोली. माणूस आत, भिंती उष्णतारोधक, आणि नळ्यांतून फिरणारं पाणी किती तापलं ते बाहेर मोजायचं. घामाची आणि श्वासाची वाफही धरावी लागते, एका ग्रॅमला सुमारे ०.५८ किलोकॅलरी.

तत्त्व अगदी सरळ आहे, पण एसडीएसाठी नेमकी इथेच गोची होते. ६०० किलोकॅलरीच्या मिश्र जेवणाचा एसडीए साधारण १० टक्के, म्हणजे ६०. जेवणानंतर ७० किलोच्या माणसाचं तापमान ०.२ अंश वाढलं, तर जवळपास १२ किलोकॅलरी अंगातच साठते. खोलीला ती दिसतच नाही. मोजायचं त्यातला पाचवा हिस्सा गायब! शिवाय कोणतं इंधन जळलं हे नुसती उष्णता सांगत नाही.

अप्रत्यक्ष पद्धतीत डोक्यावर पारदर्शक हुड ठेवून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. समजा, उपाशीपोटी मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन घेतला आणि २०५ मिली कार्बन डायऑक्साइड सोडला. भागाकार ०.८२, हाच श्वसन गुणांक. कर्बोदकांचा १, मेदाचा सुमारे ०.७, म्हणजे इथे मिश्र इंधन जळतंय. या गुणांकाला एक लिटर ऑक्सिजन म्हणजे ४.८२५ किलोकॅलरी, दिवसाला ३६० लिटर, म्हणून सुमारे १,७३७. गुणांक चुकून १ धरला तरी उत्तर १,८१७ येतं. म्हणून ऊर्जेचा आकडा फारसा ढळत नाही. इंधनाचा अंदाज मात्र पार कोलमडतो.

माझा कौल हुडला. अंगातून उष्णता बाहेर कशी पडते हाच प्रश्न असेल, तरच खोलीच्या वाटेला जा. पण हुडलाही फसवता येतं. घाबरून माणूस भराभर श्वास घेऊ लागला की साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गुणांक १ च्या वर जातो. तेवढी मिनिटं गाळावीत. मोठ्या जेवणाचा परिणाम पाच-सहा तास टिकतो, दोन तासांत मोजणी थांबवली तर एसडीए कमी भरतो, आणि प्रथिनांचा तर आणखीच कमी. त्यांचा एसडीए २० ते ३० टक्के असतो.

सगळ्यात लबाड चूक म्हणजे गळती. हुडच्या कडेतून उच्छ्वास निसटला तर दोन्ही वायू सारख्याच प्रमाणात कमी भरतात, त्यामुळे गुणांक अगदी शहाण्यासारखा दिसतो. म्हणून हुडखाली वजन केलेलं इथेनॉल जाळून पाहतात. गुणांक ०.६७ यायलाच हवा, पण तेवढ्यावर भागत नाही: जळालेल्या वजनातून जितका कार्बन डायऑक्साइड निघायला हवा तितका यंत्राने दाखवला का, तेही ताडून पाहा.