एक हिंदी अभिप्राय, तीन मराठी अनुवाद: कोणता पाठवायचा?

इंदूरला राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला हे काम नेहमी येतं. नाशिकची आत्या मुंजीला येणार असते, लॉज शोधायचा असतो, अभिप्राय सगळे हिंदीत असतात आणि आत्या म्हणते, "मराठीत लिहून पाठव रे, मला त्यातली खोच कळत नाही." रामबागेत आमच्या घरी गेल्या वर्षी हेच झालं. तेव्हा मी घाईत जे पाठवलं त्यामुळे आत्यानं एक बरा लॉज नाकारला. त्यानंतर मी तोच अभिप्राय तीन पद्धतींनी लिहून पाहिला. तुम्हालाही कुणासाठी असं काम करायचं असेल, तर निवडीला उपयोग होईल म्हणून तिन्ही इथे मांडतो.

मूळ मजकूर असा, सोबत पाचपैकी तीन तारे:

"कमरा ठीक-ठाक था, पर चादरें कतई साफ़ नहीं थीं। कहा गया था कि गीज़र चौबीस घंटे चलता है, हमें सुबह सात के बाद गरम पानी मिला ही नहीं। रात डेढ़ बजे तक नीचे हल्ला होता रहा। शिकायत की तो मैनेजर साहब ने चेष्टा ज़रूर की, पर हुआ कुछ नहीं। खाना लाजवाब। 1200 रुपये में बुरा सौदा नहीं, पर दोबारा शायद ही आऊँ।"

पहिली पद्धत शब्दाला शब्द:

"खोली ठीकठाक होती, पण चादरी कदापि साफ नव्हत्या. सांगितलं होतं की गीझर चोवीस तास चालतो, आम्हाला सकाळी सातनंतर गरम पाणी मिळालंच नाही. रात्री दीडपर्यंत खाली हल्ला होत राहिला. तक्रार केली तर मॅनेजरसाहेबांनी चेष्टा जरूर केली, पण झालं काही नाही. जेवण लाजवाब. 1200 रुपयांत वाईट सौदा नाही, पण पुन्हा कदाचितच येईन."

हिंदी आणि मराठी इतक्या जवळच्या की हे वाचताना चूक पटकन दिसत नाही. पण नाशिकच्या माणसाला 'हल्ला' म्हटलं की मारामारी दिसते, हिंदीत इथे तो नुसता गोंगाट आहे. 'चेष्टा' तर उलटीच पडते: हिंदीत मॅनेजरनं प्रयत्न केला, मराठीत त्यानं पाहुण्यांची थट्टा केली. भल्या माणसावर न केलेल्या उद्धटपणाचा आरोप झाला. 'ठीकठाक' मराठीत नीटनेटकेपणा सुचवतं, हिंदीत ते 'बरं, चालेल' इतकंच. आणि 'शायद ही' म्हणजे जवळपास 'नाहीच'. त्याचं 'कदाचितच' केलं की वाचणाऱ्याला पुन्हा येण्याची शक्यता दिसू लागते.

दुसरी पद्धत मोकळी. मी आत्याला पाठवलं होतं ते हे:

"खोली बरी, पण चादरी घाणेरड्या! चोवीस तास गरम पाणी म्हणे, आणि पाणी येतच नाही. रात्रभर गोंगाट, झोपेचं खोबरं. तक्रार करून उपयोग शून्य. जेवण चांगलं आहे. पैशाच्या मानानं परवडतं, पण पुन्हा पाय ठेवणार नाही."

वाचायला हे तिन्हींत सगळ्यात सोपं आहे, आणि म्हणूनच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. 'सातनंतर' गेलं आणि पाणी 'येतच नाही' झालं. एका मुक्कामाचा अनुभव त्या लॉजचा कायमचा दोष झाला. दीड वाजेपर्यंतचा आवाज 'रात्रभर' झाला. मॅनेजरचा प्रयत्न पुसला गेला. 'लाजवाब' दोन पायऱ्या उतरून 'चांगलं' झालं आणि 1200 हा आकडाच गळाला. शेवटची शंका शपथ बनली. प्रत्येक बदल छोटा आहे, पण वाईट बाजूचा सूर चढला आणि चांगल्या बाजूचा उतरला. आत्यानं 'पाय ठेवणार नाही' वाचलं आणि दुसरीकडे बुकिंग केलं. सकाळी साडेसहाला आंघोळ उरकणाऱ्या बाईला त्या गरम पाण्याची अडचण आलीच नसती.

तिसरी पद्धत थोडी हळू आहे. आधी मूळ मजकुरातले दावे वेगळे काढायचे: कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, किती वाजता, किती रुपये. यांना हात लावायचा नाही. मग प्रत्येक विशेषणाची पायरी ठरवायची. हिंदीत ठीक-ठाक, अच्छा, बढ़िया, लाजवाब अशी चढण धरली, तर मराठीत बरं, चांगलं, उत्तम, अप्रतिम. पायरी जुळली पाहिजे, मग शब्द वेगळा असला तरी चालतो. शेवटी वाक्यं मराठी वळणाची करायची, पण क्रम तोच ठेवून:

"खोली बरी होती, पण चादरी अजिबात स्वच्छ नव्हत्या. गीझर चोवीस तास चालतो असं सांगण्यात आलं होतं, आम्हाला सकाळी सातनंतर गरम पाणी मिळालंच नाही. रात्री दीड वाजेपर्यंत खाली गोंगाट चालू होता. तक्रार केल्यावर मॅनेजरसाहेबांनी प्रयत्न जरूर केला, पण झालं काही नाही. जेवण अप्रतिम. 1200 रुपयांत सौदा वाईट नाही, पण पुन्हा येईन असं वाटत नाही."

यात 'सांगण्यात आलं होतं' हे मी मुद्दाम ठेवलं. कोणी सांगितलं ते मूळ माणसानं लिहिलेलं नाही, मग आपण तिथे 'मॅनेजर म्हणाला' लिहायचं नाही. 'अजिबात स्वच्छ नव्हत्या' आणि 'घाणेरड्या' यांतही फरक आहे. पहिल्यात स्वच्छता नाही एवढं विधान आहे, दुसऱ्यात किळस आहे, आणि ती मूळ मजकुरात नव्हती. 'सातनंतर' म्हणजे संध्याकाळी आलं का, हेही मूळ मजकूर सांगत नाही. आपण मोघम ठेवायचं, भरून काढायचं नाही.

बरोबर झालं का हे कसं ओळखायचं? मराठी पुन्हा हिंदीत करून मुळाशी ताडून पाहायचं, असं पुष्कळजण सुचवतात. या दोन भाषांत ती तपासणी फसवी ठरते. 'हल्ला' परत 'हल्ला'च होतो, 'चेष्टा' परत 'चेष्टा'च होते, आणि पहिला, शब्दशः अनुवाद चुकलेला असूनही सहज पास होतो. मला भरवशाचं वाटतं ते वेगळं: मूळ न पाहिलेल्या माणसाला मराठी वाचायला द्यायचं आणि पाचपैकी तारे द्यायला सांगायचं. नंतर त्यालाच हिंदी दाखवून पुन्हा विचारायचं, म्हणजे त्याची स्वतःची सवय बाजूला पडते. माझ्या बायकोनं मोकळ्या मजकुराला एक तारा दिला, तिसऱ्याला तीन, आणि हिंदी वाचल्यावरही तीनच. ही चाचणी सुराची आहे, आकडे मात्र बोट ठेवून एकेक तपासावे लागतात.

मग निवडायचं काय? पाठवायला तिसरा. शब्दशः मजकूर कच्च्या खर्ड्यासाठी ठीक, कारण एखादं वाक्य गळलं तर त्यात लगेच कळतं. पैशांचा वाद असेल, तर अनुवादासोबत मूळ हिंदीही ठेवावं. लिपी एकच असल्यानं समोरच्याला ते निदान वाचता येतं. मोकळं बोलायचं असेल तर ते फोनवर बोलावं, "मला असं वाटतं" म्हणून, अभिप्राय लिहिणाऱ्याच्या तोंडी घालून नाही.

उलट दिशेनं, मराठीतून हिंदीत जातानाही पायरी घसरते. पुण्याच्या पाहुण्यानं "जेवण वाईट नव्हतं" लिहिलं तर ती बऱ्याचदा पसंतीची पावती असते. "खाना बुरा नहीं था" असं उतरवलं की इंदूरच्या हॉटेलवाल्याला ती नाराजी वाटू शकते. तिथे मी "खाना अच्छा था" लिहितो, पण बाकीच्या अभिप्रायाचा सूर तसा असेल तरच.