पुणे ते चिपळूण, मावशीला घाट लागतो: ताम्हिणी की कुंभार्ली?

मॅपवर ताम्हिणी बरा वाटतो, माणगाव-महाडवरून हायवे, आणि कशेडीला आता बोगदा असल्याने तो घाट टळतो. पण मावशीला घेऊन गेलो तेव्हा कळलं, तिथे प्रॉब्लेम चढापेक्षा वळणांचा आहे, मुळशी धरणापासूनच गाडी डावी-उजवी करायला लागते ती पार खाली उतरेपर्यंत, आणि मळमळ एकदा सुरू झाली की मधे सावरायला सरळ पट्टाच मिळत नाही.

कुंभार्लीला सातारा, उंब्रजवरून जायचं, थोडं लांब पडतं. खंबाटकी सोडला तर पाटणपर्यंत त्रास नाही, मग खरी वळणं एकाच तुकड्यात, कोयनानगरनंतर. म्हणजे गोळी कधी द्यायची ते ठरवता येतं. आम्ही पाटणला दिली (डॉक्टरांना विचारून, झोप येते तिने), घाट लागेपर्यंत लागू पडली. हेळवाकला पाच मिनिटं उतरवलं, पुढच्या सीटवर बसवलं, मोबाईल काढून घेतला. उतारावर सेकंड गिअर, कारण सारखे ब्रेक मारले की पोट जास्त ढवळतं.

एकटा असेन तर ताम्हिणीच. मावशी असेल तर कुंभार्ली, फक्त धुकं पडायच्या आत.